एका ढिगाचे दोन, दोनाचे चार

शिवणाच्या डब्यातली बारा बटणं घ्यावीत. सहा लाल, सहा पांढरी. लाल सहांपैकी तीन कोटाची मोठी आणि तीन सदऱ्याची लहान, पांढऱ्यांचंही तसंच. सगळी गोल, सगळी चार भोकांची. एवढ्या सामानावर चार-पाच वर्षांच्या मुलाला गणिताच्या दारापर्यंत नेता येतं, आणि त्यात अंक कुठेही येत नाही.

बटणं इतकी निवडून घेण्याला कारण आहे. डब्यातली मूठभर बटणं तशीच पुढ्यात टाकली, तर त्यांत रंग, आकार, भोकं, चकाकी, जाडी असं सगळंच वेगवेगळं असतं. मूल कशाकडे पाहतंय हे मग मोठ्यांना कळत नाही आणि मुलालाही धरून ठेवता येत नाही. म्हणून फक्त दोनच गोष्टी बदलत्या ठेवायच्या, रंग आणि आकारमान. लाल आणि हिरवा ही जोडी टाळलेली बरी, कारण काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, या दोन रंगांतला फरक नीट दिसत नाही. तीन वर्षांखालचं मूल वस्तू तोंडात घालतं, त्याच्यासाठी बटणांऐवजी डब्यांची मोठी झाकणं वापरावीत.

सुरुवातीला काहीच सांगायचं नाही. ‘जी एकमेकांसारखी वाटतात ती एकत्र ठेव’ एवढंच म्हणायचं आणि पाहायचं. तीन वर्षांचं मूल बहुधा ढीग करतच नाही. ते बटणांची आगगाडी करतं, फूल करतं, घर करतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इन्हेल्डर यांनी मुलांच्या हाती वेगवेगळे आकार देऊन हेच टिपलं होतं. लहान मूल वस्तूंचा गट करण्याऐवजी त्यांचं चित्र मांडतं. थोडं मोठं मूल दुसरीच गंमत करतं. मोठ्या लालशेजारी लहान लाल ठेवतं, कारण दोन्ही लाल. त्याच्या शेजारी लहान पांढरं, कारण दोन्ही लहान. प्रत्येक पावलाला कारण आहे, पण कारण दर वेळी वेगळं. अशा रांगेला ‘चूक’ म्हणून मोडण्याची घाई करू नये. ‘हे इथं का ठेवलंस?’ असं विचारावं. ‘हे पण लाल आहे ना ताई’ असं उत्तर आलं की मुलाच्या मनातला निकष कळतो.

मग काही दिवसांत दोन स्वच्छ ढीग होतात, एक लाल, एक पांढरा. बहुतेक घरांत आणि बऱ्याच बालवाड्यांत काम इथेच थांबतं. मुलाला रंग आले, झालं. खरं अवघड पाऊल मात्र पुढचं आहे. तीच बटणं पुन्हा एकत्र करायची आणि म्हणायचं, ‘आता दुसऱ्या तऱ्हेनं लाव बघू.’ मघाशी लाल ढिगात असलेलं मोठं बटण आता मोठ्यांच्या ढिगात जायला हवं. बटण तेच, पण त्याचं घर बदललं.

हे किती कठीण आहे, ते फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं. त्यांच्या चाचणीच्या रूढ प्रकारात ससे आणि होड्या असलेली लाल-निळी कार्डं असतात. मूल आधी ती रंगानुसार लावतं. मग सांगतात, आता ससे इकडे, होड्या तिकडे. बहुतेक तीन वर्षांची मुलं रंगानुसारच लावत राहतात. विशेष म्हणजे ‘ससे कुठे ठेवायचे?’ असं विचारलं तर ती बरोबर जागा दाखवतात. नियम तोंडी येतो, पण हात जुन्या नियमानं चालतो. चार-पाच वर्षांच्या सुमारास ही अडचण बहुतेकांची सुटते. त्याआधी मुलाला ‘ऐकत नाही’ म्हणून दटावणं हा निव्वळ अन्याय आहे.

दोन्ही निकष स्वतंत्रपणे जमले की ते एकत्र आणायचे. जमिनीवर खडूनं एक चौकोन काढून त्याचे चार खण करावेत. वरच्या ओळीच्या कडेला लाल खडूचा ठिपका, खालच्या ओळीला पांढरा. डाव्या खणाच्या डोक्यावर मोठं वर्तुळ, उजव्याच्या डोक्यावर लहान. आता प्रत्येक बटणाला दोन प्रश्न विचारावे लागतात. रंग कोणता? मोठं की लहान? तेव्हा कुठे त्याचा खण सापडतो. नुसता रंग पाहणारं मूल ओळ बरोबर पकडतं आणि खण चुकतं. लाल लहान बटण डावीकडे जातं. अशा वेळी त्याचं बोट धरून आधी ठिपक्यावर आणि मग वर्तुळावर न्यावं. जमलं की तीन खण भरून चौथा रिकामा ठेवावा आणि ‘इथे कोण येईल?’ असं विचारावं. डब्याकडे न बघता मुलानं ‘पांढरं, छोटं’ असं सांगितलं, तर त्याला दोन गुण एकदम मनात धरता आले.

आता क्रमाकडे जाणारं पाऊल. मधल्या आकाराची तीन लाल आणि तीन पांढरी बटणं आणायची. ती ना मोठ्यांत बसतात, ना लहानांत. खडूनं दोन्ही ओळींत एकेक खण वाढवावा लागतो. तो कुठे वाढवायचा? लाल ओळ खाली आणि पांढरी वर नेली तरी काही बिघडत नाही. पण मधल्या आकाराचा खण लहानांच्या पलीकडे टाकला, तर मांडणी डोळ्याला खटकते. रंगाच्या गटांना आधी-नंतर नसतं, आकाराच्या गटांना असतं. मुलाला हे शब्दांत सांगू नये. खण हलवून पाहू द्यावा, ते स्वतःच मध्ये आणून ठेवतं.

यानंतर खराट्याच्या पाच काड्या कापाव्यात, ६, ८, १०, १२ आणि १४ सेंटीमीटरच्या. मुलानं त्या उतरत्या लावायच्या. इथे गट करून भागत नाही. १० सेंटीमीटरची काडी ८ च्या मानानं मोठी आहे आणि १२ च्या मानानं लहान. एकाच काडीत दोन्ही नाती एकदम पाहावी लागतात, आणि चार खणांत झालेला सराव इथे कामी येतो. ज्याचं हे पक्कं नाही ते मूल एक मोठी-एक लहान अशा जोड्या लावतं. काही मुलं वरच्या टोकांचा सुंदर जिना करतात, पण खालची टोकं वर-खाली राहतात. त्यासाठी खडूची रेघ ओढून काड्या तिच्यावर उभ्या टेकवायला सांगाव्यात. चाचपडत लावणं बराच काळ चालतं. ‘उरलेल्यांतली सगळ्यांत लहान’ शोधत न चुकता क्रम लावणं पियाजेंना साधारण सात-आठ वर्षांच्या मुलांत दिसलं. त्यांच्या काड्या मात्र दहा होत्या आणि त्यांच्या लांबीतला फरकही बारीक होता.

याला विकतचा संच लागत नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि तिथल्या बालवाडीत त्यांनी माँटेसोरीच्या महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया, पानं आणली. पैसे वाचले हा एक फायदा. दुसरा फायदा असा, की प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांत लहान-मोठं आधीच ठरलेलं असतं. शिंपल्यांचे दोन ढीग करताना मात्र अधला-मधला शिंपला हटकून हाती येतो आणि क्रमाची गरज आपोआप उभी राहते.

मुलाला शंभरपर्यंत अंक म्हणायला बसवण्याआधी पालकांनी आणि ताईंनी या बारा बटणांना आठवड्यातून दोन-तीनदा दहा मिनिटं द्यावीत, आणि मूल कंटाळलं की डबा बंद करावा.