बॉयलरचा दाखला विमा कंपनीला पाठवताना

बॉयलर व प्रेशर प्लांट पॉलिसी स्फोटाचे नुकसान भरून देते, पण बहुधा एका अटीवर: यंत्राचा कायद्याने ठरवलेला तपासणी-दाखला चालू हवा. बॉयलरचा दाखला सहसा फार तर 12 महिन्यांचा असतो. कॉम्प्रेसरची हवेची टाकी मात्र कारखाना नियमांत येते. तिची बाहेरून तपासणी दर 6 महिन्यांनी सक्षम व्यक्ती करते, म्हणून एकाच ईमेलमध्ये दोन वेगळ्या तारखा येतात.

समजा, एका दूध डेअरीच्या बॉयलरचा पॉलिसीतील दाब 10.5 किलो प्रति चौरस सेंमी आहे. यंदा नळ्या झिजलेल्या दिसल्याने निरीक्षकाने तो 9 वर आणला. नुसते ‘दाखला सोबत जोडला आहे’ असे लिहिले, तर हा बदल कुणाच्या नजरेस पडणार नाही आणि पुढे दाव्याच्या वेळी त्यावरच वाद होईल. माझ्या मते ईमेलचा गाभा हाच:

‘पॉलिसी क्रमांक अमुक. बॉयलरचा नोंदणी क्रमांक दाखल्याप्रमाणे. कमाल दाब 10.5 वरून 9 झाला असून सेफ्टी व्हॉल्व्ह त्यानुसार सेट केला आहे. दाखल्याची मुदत अमुक तारखेपर्यंत. हवेच्या टाकीचा अहवाल स्वतंत्र जोडला आहे. कृपया पॉलिसीत दुरुस्ती करून लेखी पोच द्यावी.’

दाखल्याची मुदत शिल्लक असतानाही बॉयलरला अपघात झाला किंवा त्याच्या रचनेत बदल केला, तर दाखला रद्द ठरतो. तेव्हा विमा कंपनीला लगेच कळवावे.