सायकलस्वाराचे हासळीचे हाड

सायकलवरून खांद्यावर आपटले की हासळीचे हाड बहुधा मधोमध मोडते. सात किलोमीटरांवरून सायकलने कॉलेजला येणाऱ्या माझ्या मित्राचे तसेच झाले. क्ष-किरण फोटोत तुकडे फारसे सरकलेले नव्हते. म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न करता हात झोळीत दिला.

“प्लास्टर का नाही?” असे त्याच्या आईने विचारले. या जागी प्लास्टर नीट बसत नाही. लोंबता हात मोडलेला तुकडा खाली ओढतो. ते वजन झोळी पेलते, एवढेच तिचे काम. बोटे, मनगट आणि कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचे, नाहीतर सांधे आखडतात.

तीन आठवड्यांत त्याचे दुखणे पुष्कळ ओसरले. धोका नेमका तेथेच आहे. त्या वेळी तुकड्यांमध्ये मऊ जोड असतो, पक्के हाड नव्हे. झोळी सुटली तरी सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. (विडी-सिगारेटने हाड उशिरा सांधते, कॅन्टीनमागच्या मंडळींनी हे वाचावे.)

सहाव्या आठवड्यानंतर हात डोक्यावर गेला, फोटोतही जोड दिसला. तरी डॉक्टरांनी सायकल बारा आठवड्यांपर्यंत बंदच ठेवली. हँडलवर टेकलेल्या अंगाचा भार आणि खड्ड्यांचे हिसके खांद्यातून त्या कोवळ्या जोडावर येतात. पुन्हा पडल्यास तो तेथेच मोडू शकतो. तोवर तो एस.टी.ने आला.

हाडावर उंचवटा राहतो, त्याची काळजी नको. बोटे बधिर होणे, हाडाच्या टोकाने कातडी ताणून पांढरी पडणे, किंवा तीन महिन्यांनीही जोड हलणे, यांपैकी काही झाल्यास मात्र लगेच डॉक्टर गाठावा.