शाळेच्या कबड्डी संघाचा कर्णधार कोण? जोरात चढाई करणारा की मैदानात टिकणारा?

शालेय कबड्डी स्पर्धा तोंडावर आल्या की शाळेत आणि पारावर एकच चर्चा असते, कॅप्टन कोण? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं. ज्याला जास्त पॉइंट मिळतात तो कॅप्टन, आणि त्याच्या खालचा व्हाइस कॅप्टन. कधी जर्सी देणाऱ्याच्या घरचं पोरगं कॅप्टन होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण पहिली पद्धतसुद्धा संघाला महागात पडते. ती कशी, ते बघू.

कबड्डीत बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो. चढाईपटू सर्वात जास्त वेळा समोरच्यांच्या अंगणात जातो, म्हणून पकडला जाण्याचा धोकाही त्यालाच जास्त. म्हणजे तुमचा कॅप्टन सामन्याचा बराच वेळ रेषेबाहेर असणार. कॅप्टन आणि व्हाइस कॅप्टन दोघेही चढाईवाले असतील, तर अडचणीच्या वेळी आत बोलायला कुणीच उरत नाही.

एक प्रसंग धरून चला. तीन मिनिटं बाकी आहेत, आपण २२-२० ने पुढे. मुख्य चढाईपटू बाहेर आणि आत आपले तिघंच. समोरचा गडी चढाईला आला. आता आपलं एखादं उतावळं पोर हात धरायला एकटंच झेपावलं, तर ते बाद. मग दोघं, मग एक. असे तिघं गेले की त्यांचे ३ गुण, वर लोणाचे २. म्हणजे २२-२५. दोनची आघाडी गेली आणि तीनने मागे पडलो.

तीच वेळ दुसऱ्या पद्धतीने बघा. आत उजव्या कोपऱ्यावर व्हाइस कॅप्टन आहे. तो दोघांना जागेवर धरून ठेवतो, "थांब, खोल येऊ दे" एवढंच म्हणतो. चढाईवाला आत शिरला, वळला की कोपऱ्याने पाय धरायचा आणि बाकीच्या दोघांनी लगेच अंगावर यायचं. आत तीन किंवा कमी खेळाडू असताना पकड केली की सुपर टॅकलचे २ गुण. २४-२० झालं. शिवाय एक खेळाडू परत आत येतो. जो आधी बाद झाला तो आधी येतो, त्यामुळे मुख्य चढाईवाला पहिला बाद झाला असेल तर तोच आत येणार.

इथे बरीच पोरं एक गोष्ट विसरतात. बोनस घेतला तर गुण मिळतो, पण त्यावर बाहेरचा खेळाडू आत येत नाही. कॅप्टन बाहेर बसलेला असताना नुसत्या बोनसच्या मागे लागणं म्हणजे गुण वाढवायचे आणि माणूस बाहेरच ठेवायचा. हा हिशेब भर सामन्यात ज्याच्या डोक्यात चालतो, तो खरा कॅप्टन.

चढाईपटूला कॅप्टन करूच नये, असं नाही. २०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार अनुप कुमार चढाईपटूच होता. पण इराणविरुद्धच्या अंतिम सामन्यात अजय ठाकूरच्या चढायांनी सामना फिरवला. कर्णधारानेच सगळे गुण आणले पाहिजेत, असं कुठं आहे? फक्त कर्णधार चढाईवाला असेल तर उपकर्णधार पकडीतला, शक्यतो कोपऱ्यावरचा घ्या. म्हणजे एक बाहेर गेला तरी दुसरा आत असण्याची शक्यता वाढते.

मग निवडायचा कसा? सरावात दहा-दहा मिनिटांचे दोन सामने लावा आणि सरांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. दुसऱ्या सामन्यात सर्वात चांगल्या चढाईपटूला मुद्दाम बाहेर बसवा. आता कोण बोलतं ते बघा. त्याहून महत्त्वाचं, त्याचं कोण ऐकतं ते बघा. ओरडणारं पोर आणि ऐकलं जाणारं पोर वेगळं असतं. पकड सुटल्यावर सोबत्याला शिव्या घालणारा असेल तर त्याचं नाव सोडून द्या, त्याच्या शेजारी उभं राहणारं पोर पुढच्या वेळी पकडीला हातच घालणार नाही.

बोलण्यालाही मर्यादा आहे. आपला गडी चढाईवर असताना त्याला मागून सावध केलं, तर समोरच्यांना गुण जातो. पंचांशी फक्त कॅप्टनने बोलायचं, बाकीच्यांनी गलका केला तर कार्ड निघतं. पिवळं कार्ड म्हणजे तो खेळाडू दोन मिनिटं बाहेर. सामना सुरू होण्याआधीच कॅप्टनने पंचांना विचारून घ्यावं की डाव किती मिनिटांचा, टाइमआउट किती आणि तिसऱ्या चढाईला गुण सक्तीचा आहे का. खालच्या स्पर्धांत वेळेअभावी यात बदल होतात, आणि ते न विचारल्यामुळे शेवटच्या चढाईत गोंधळ उडतो.

आणि कॅप्टन, व्हाइस कॅप्टन दोघेही एकदम बाहेर गेले तर? तिसरं नाव सामन्याच्या आदल्या दिवशीच पोरांना सांगून ठेवा.