मुलाखतीला जाताना घड्याळ कोणतं घालावं?

बँकेच्या किंवा मोठ्या कंपनीच्या मुलाखतीची खोली बहुधा बंद आणि शांत असते. एसी चालू, दार लोटलेलं, मधे लांब टेबल, पलीकडे तीन-चार जण. उमेदवार टेबलावर हात ठेवतो आणि शर्टाच्या बाहीतून घड्याळ डोकावतं. शर्टाची इस्त्री, बुटांचं पॉलिश, प्रमाणपत्रांची फाईल हे सगळं आदल्या रात्री तपासून झालेलं असतं. घड्याळ मात्र रोजचंच म्हणून विचार न करता मनगटावर चढतं. आकार, रंग आणि पट्टा निदान आरशात दिसतात. आवाज दिसत नाही, म्हणून तो तपासायचा राहून जातो.

समजा, साताऱ्याचा एक बीकॉम झालेला मुलगा पुण्याला बँकेच्या मुलाखतीला निघाला आहे. घरात तीन घड्याळं आहेत. एक कॉलेजात असताना हौसेनं घेतलेलं, मोठ्या डायलमध्ये आणखी तीन छोट्या डायली असलेलं, ४६ मिलिमीटरचं. दुसरं काळ्या प्लास्टिकचं डिजिटल कॅसिओ. तिसरं आजोबांचं, चावीचं एचएमटी जनता. नवीन घड्याळासाठी पैसे घालवायचे नाहीत, यातलंच एक निवडायचं आहे.

सुरुवात मोजपट्टीनं करावी. शिंप्याच्या टेपनं मनगटाचा घेर मोजला तर तो १६ सेंटिमीटर भरतो. पण घड्याळ बसतं ते मनगटाच्या वरच्या सपाट भागावर आणि त्याची रुंदी जेमतेम ५ सेंटिमीटर आहे. दुकानात सांगतात तो ४६ किंवा ३८ हा आकडा फक्त गोल केसचा व्यास असतो. हातावर घड्याळ मोठं दिसतं की बेताचं, हे ठरतं पट्टा अडकवायच्या वरच्या आणि खालच्या टोकांमधल्या अंतरावरून. ४६ मिलिमीटरच्या घड्याळात हे अंतर सहज ५ सेंटिमीटरच्या वर जातं, म्हणजे टोकं मनगटाच्या दोन्ही कडांबाहेर लोंबतात. हात सरळ पुढे धरून वरून पाहिलं की हे लगेच कळतं. साधारण बांध्याच्या पुरुषाला ३६ ते ४० आणि स्त्रीला २६ ते ३४ मिलिमीटरचा व्यास मुलाखतीसाठी पुरे होतो.

जाडी व्यासाइतकीच महत्त्वाची आहे. फॉर्मल शर्टाच्या कफचं बटण लावल्यावर घड्याळ कफाखाली सहज सरकायला हवं. ८-९ मिलिमीटरपर्यंत अडचण येत नाही. १३-१४ मिलिमीटरचं जाड घड्याळ कफाला अडतं, बाही वर गोळा होते आणि उमेदवार बोलता बोलता ती पुन्हा पुन्हा खाली ओढत राहतो. घड्याळ किती पातळ असू शकतं याचा उत्तम नमुना आपल्याकडेच तयार झाला. टायटननं २००२ साली आणलेलं ‘एज’ अवघ्या साडेतीन मिलिमीटरचं होतं. इतकं पातळ असण्याची गरज नाही, पण कफाखालून आत-बाहेर जाणारं घड्याळ हातवारे करताना आड येत नाही. साताऱ्याच्या मुलाचं पहिलं घड्याळ इथेच बाद होतं.

आता आवाज.

सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळात क्वार्ट्झचा बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सर्किट हा आकडा पंधरा वेळा निम्मा करतं, तेव्हा सेकंदाला विजेचा एक झटका उरतो. त्या झटक्यासरशी आतली चिमुकली मोटर अर्धा फेरा घेते, दातेरी चाकं सरकतात आणि सेकंदकाटा एक घर पुढे उडी मारतो. आपल्याला ऐकू येते ती टिकटिक या उडीची. पातळ पत्र्याच्या किंवा पोकळ प्लास्टिकच्या केसमध्ये ती मोठी वाटते, जाड स्टीलच्या केसमध्ये दबते. ज्या घड्याळांना सेकंदकाटा नसतो, त्यांतल्या अनेकांमध्ये मोटर दर सेकंदाला चालतच नाही, दहा-वीस सेकंदांनी एकदा हलते. म्हणून पूर्ण शांत घड्याळ हवं असेल तर दोन काट्यांचं साधं क्वार्ट्झ हा सर्वांत खात्रीचा पर्याय आहे.

चावीच्या घड्याळाची गोष्ट निराळी. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्या परंपरेतलं ‘जनता’ सेकंदाला पाच ठोके देतं. हा आवाज बारीक आणि सलग असतो, कानाजवळ नेला तर छान ऐकू येतो, पण हातावर असताना समोरच्याला कळत नाही. ऑटोमॅटिक घड्याळात मात्र एक अर्धगोल वजन हाताच्या हालचालीबरोबर फिरतं. काही घड्याळांत ते एका दिशेला मोकळं भिरभिरतं आणि जोरात हात हलवला की घरघर ऐकू येते. हातवारे करत बोलणाऱ्यानं हे आधी तपासून घ्यावं.

तपासणी सोपी आहे. रात्री पंखा बंद करून खोलीत शांत बसावं, घड्याळ हातात बांधूनच हात टेबलावर ठेवावा आणि घरातल्या कुणाला तरी समोर हातभर अंतरावर बसवावं. त्याला टिकटिक ऐकू आली नाही, तर एसीची घरघर असलेल्या खोलीत ती मुळीच ऐकू येणार नाही. मग तेच घड्याळ काढून लाकडी टेबलावर ठेवून पाहावं. आवाज चटकन वाढलेला जाणवतो. हातावर असताना त्वचा आणि मांस कंप शोषून घेतात, टेबलाची फळी मात्र त्यांच्याबरोबर थरथरते आणि तंबोऱ्याचा भोपळा तारेचा नाद वाढवतो तसा तो आवाज वाढवते. वेळेवर लक्ष ठेवता यावं म्हणून काही उमेदवार घड्याळ काढून समोर ठेवतात, ते एवढ्यासाठी टाळावं. शिवाय समोरच्यांना वाटतं की याला निघायची घाई आहे.

टिकटिक खपून जाईल, ‘बीप’ खपणार नाही. डिजिटल घड्याळाच्या मागच्या झाकणाला आतून एक पातळ चकती लागलेली असते. वीज मिळाली की ती थरथरते आणि झाकणालाही थरथरवते. बहुतेक घड्याळांत हा स्वर सेकंदाला साधारण चार हजार कंपनांचा असतो. माणसाचा कान नेमका दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. त्यामुळे एवढासा आवाजही खोलीच्या दुसऱ्या टोकाला कळतो. मुलाखत पावणेअकराला सुरू झाली आणि तासाची घंटा चालू राहिली असेल, तर ऐन रंगात आलेल्या उत्तरात अकराचा ‘बीप’ वाजणारच.

१९८९ पासून विकल्या जाणाऱ्या कॅसिओ एफ-९१डब्ल्यूमध्ये ती बंद करणं सोपं आहे. डावीकडचं खालचं बटण दाबून गजराच्या पानावर जायचं आणि उजवीकडचं बटण दाबत राहायचं. गजर आणि तासाची घंटा आलटून पालटून चालू-बंद होतात. स्क्रीनवरच्या दोन्ही खुणा गेल्या की थांबायचं. खात्री मात्र पुढचा तास पूर्ण होताना कान देऊनच करावी, कारण घाईत एक खूण राहून जाते. आवाज बंद झाला तरी हे घड्याळ बँकेच्या मुलाखतीत खेळाच्या तासाला घातल्यासारखंच दिसतं. उमेदवाराकडे दुसरं काही नसेल तर ते जरूर घालावं, साधेपणाबद्दल कुणी गुण कापत नाही. पण इथे एचएमटी आहे.

स्मार्टवॉचचा त्रास वेगळ्या प्रकारचा. आवाज बंद केला तरी संदेश आला की ते थरथरतं आणि टेबलाला टेकलेलं असेल तर ती थरथर ऐकू येते. हात उचलला की स्क्रीन उजळते. त्याहून वाईट म्हणजे उमेदवारानं त्याकडे नजर टाकली, तर तो वेळ पाहतोय की व्हॉट्सॲप, हे समोरच्याला समजत नाही. ॲपल वॉचमध्ये दोन मुखवट्यांच्या चिन्हाची थिएटर सोय असते. तिच्यानं आवाज थांबतो आणि हात उचलल्यावर स्क्रीन काळीच राहते, पण थरथर चालू राहते. म्हणून तिच्या जोडीला ‘डू नॉट डिस्टर्ब’ही लावावं लागतं. सरकारी नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्यानं आधी बोलावण्याच्या पत्रातल्या सूचना वाचाव्यात. अशा बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक वस्तू दाराशीच जमा कराव्या लागतात आणि ऐनवेळी मनगट रिकामं राहतं.

राहिला पट्टा आणि रंग. आजोबांच्या एचएमटीचा पट्टा तडकलेला आहे आणि त्याला घामाचा वास येतो. घड्याळवाल्याकडे नेऊन त्या मापाचा साधा काळा चामडी पट्टा बसवला, की घड्याळाचं रूप बदलतं. काळे बूट आणि काळा बेल्ट असेल तर पट्टा काळा, तपकिरी असतील तर तपकिरी. बेल्टचं बकल रुपेरी असेल तर घड्याळाची केसही रुपेरी असावी. डायल पांढरी, काळी किंवा गडद निळी चालते. चमकदार खडे, लाल काटे आणि बनावट महागडं नाव असलेली डायल टाळावी. खोटं नाव ओळखणारा माणूस समोर बसलेला असू शकतो. नवा पट्टा पहिले दोन-तीन दिवस ताठ असतो आणि वळताना करकरतो, म्हणून तो मुलाखतीच्या आठवडाभर आधी बांधायला सुरुवात करावी.

स्टीलच्या चेनचा पट्टा चुकीचा नाही, फक्त तो मापात हवा. पट्टा आणि मनगट यांच्यात करंगळी जाईल इतकीच जागा ठेवावी. चेन ढिली असली की घड्याळ हाताच्या हाडावरून खाली घसरतं आणि प्रत्येक हालचालीला टेबलावर खणकतं. दुकानदार एक-दोन कड्या काही मिनिटांत काढून देतो. स्त्रियांच्या बाबतीत असाच आवाज घड्याळ आणि बांगड्या एकाच हातात असल्या की होतो. काचेच्या बांगड्यांवर स्टीलची केस आपटते, शिवाय काचेवर ओरखडे येतात. एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात बांगडी ठेवली की दोन्ही शोभतात आणि आवाजही होत नाही. दोन्ही हातांत बांगड्या घालायच्याच असतील तर घड्याळाच्या हातात एखादीच, अंगाबरोबर बसणारी ठेवावी.

घड्याळ बरोबर चालतंय ना, हेही पाहायला हवं. अनेक क्वार्ट्झ घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा दर सेकंदाला न हलता दोन किंवा चार सेकंदांच्या उड्या मारू लागतो. ही खूण दिसली की सेल लगेच बदलावा. चावीच्या घड्याळाला सकाळी चावी द्यावी आणि अडेपर्यंत फिरवली की थांबावं. साताऱ्याच्या मुलानं आदल्या दिवशी एचएमटी मोबाईलच्या वेळेशी लावून पाहिलं, तर चोवीस तासांत ते किती पुढे-मागे जातं हे त्याला कळेल. जुनं घड्याळ दिवसाला मिनिटभर मागे पडत असेल तर काळजीचं कारण नाही, रोज सकाळी वेळ लावून घेतली की झालं. दहा-पंधरा मिनिटं मागे पडत असेल तर ते दुरुस्तीला द्यावं आणि मुलाखतीला चक्क रिकाम्या हातानं जावं.

आता बऱ्याच मुलाखतींची पहिली फेरी लॅपटॉपवर होते. तिथे टेबलाची जागा लॅपटॉपची कडा घेते. मनगट कीबोर्डखाली टेकलेलं असतं आणि माईक बहुधा त्याच लॅपटॉपच्या अंगात बसवलेला असतो. स्टीलचं बकल त्या कडेवर घासलं की पलीकडच्याला खरखर ऐकू येते आणि त्याला वाटतं की माईकच बिघडला आहे. अशा फेरीला चामडी पट्टा घालावा, नाहीतर घड्याळ काढून लॅपटॉपपासून दूर, दुसऱ्या टेबलावर ठेवावं.