तासांचे पैसे, मिनिटांचा हिशेब

पुण्यात घरून काम करणाऱ्या एका ग्राफिक डिझायनरचं उदाहरण घेऊ. एका कंपनीशी तिचा तासाला 900 रुपये दर ठरला आहे. कामाला बसली की ती मोबाइलवरच्या टाइम ट्रॅकरचा टायमर चालू करते, उठली की बंद करते. सप्टेंबर संपल्यावर तिने अ‍ॅपमधल्या रिपोर्टचा स्क्रीनशॉट घेतला. त्यात तीन ओळी आहेत: माहितीपत्रक 14:20, पॅकेजिंग 6:45, बैठका 2:50. खाली एकूण 23:55. आता यावरून बिल लिहायचं आहे.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथेच. घाईत 6:45 हा आकडा कॅल्क्युलेटरवर 6.45 असा टाकला जातो. पण 45 मिनिटं म्हणजे पाऊण तास, म्हणून तो आकडा 6.75 हवा. तिन्ही ओळींत ही चूक झाली, तर बिल 20,835 रुपयांचं होतं. खरा हिशेब 21,525 रुपयांचा आहे. एका महिन्यात 690 रुपये गेले आणि आकडा जवळपासचाच दिसत असल्याने कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सुरक्षित मार्ग म्हणजे आधी सगळ्याची मिनिटं करायची. 14 तास 20 मिनिटं म्हणजे 860 मिनिटं. त्याला 900 ने गुणून 60 ने भागलं की 12,900 रुपये येतात. दशांशात 14.33 तास लिहिले, तर गुणाकार 12,897 येतो आणि तीन रुपयांच्या फरकासाठी अकाउंट्स विभागाचा ईमेल येतो. स्प्रेडशीट वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. तिथे वेळ ही दिवसाचा अंश म्हणून साठवलेली असते. 6:45 ला नुसतं 900 ने गुणलं, तर जेमतेम 253 रुपये येतात. सूत्रात 24 हवेतच:

```
=A2*24*900
```

मात्र गुणाकार करण्याआधी स्क्रीनशॉट नीट वाचायला हवा. वरच्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहा. अनेकदा रिपोर्ट चालू आठवड्याचा उघडतो आणि आपण तो महिन्याचा समजतो. एकूण बेरजेत दुसऱ्या क्लाएंटचं किंवा आपलं स्वतःचं काम मिसळलेलं नाही ना, तेही बघा. एखादी नोंद सलग नऊ-दहा तासांची दिसली, तर बहुधा टायमर रात्रभर चालू राहिला आहे. ती नोंद उघडून दुरुस्त करावी, मगच नवा स्क्रीनशॉट घ्यावा.

मिनिटं पाव तासाच्या टप्प्यात मोजायची असतील, तर ते दर ठरवतानाच बोलून घ्यावं. पाच-पाच मिनिटांचे दहा फोन झाले, तर प्रत्यक्षात पन्नास मिनिटं होतात. प्रत्येक फोन पाव तासाचा धरला, तर अडीच तास. आधी न सांगता असं बिल पाठवलं, तर क्लाएंटला ते फुगवलेलं वाटणारच. काहीच ठरलेलं नसेल, तर मिनिटाला मिनिट लावणं उत्तम.

मग बिलाचा मजकूर असा होतो:

बिल क्र. 2025-26/07, दिनांक 1 ऑक्टोबर 2025
कामाचा काळ: 1 ते 30 सप्टेंबर 2025
ठरलेला दर: तासाला 900 रुपये
माहितीपत्रकाची मांडणी: 14 तास 20 मि. – 12,900 रु.
पॅकेजिंग डिझाइन: 6 तास 45 मि. – 6,075 रु.
बैठका व दुरुस्त्या: 2 तास 50 मि. – 2,550 रु.
एकूण: 23 तास 55 मि. – 21,525 रु.
देय तारीख: 15 ऑक्टोबर 2025

वर दोघांची नावं-पत्ते, खाली पॅन आणि बँक खात्याचा तपशील. प्रकल्पाचं नाव अ‍ॅपमध्ये आपल्या सोयीचं असतं. बिलात ते क्लाएंटला ओळखू येईल असं लिहावं. सोबत स्क्रीनशॉट जोडायचा असेल, तर इतर क्लाएंटची नावं कापून टाकावीत. शंका घेणाऱ्या क्लाएंटला तारीखवार नोंदींची पीडीएफ अधिक उपयोगी पडते, कारण स्क्रीनशॉटमध्ये फक्त बेरजा असतात.

करांचं थोडक्यात. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्यांना साधारणपणे वर्षाच्या 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसेल, तर बिलात जीएसटीची ओळ घालता येत नाही. टीडीएस मात्र क्लाएंट कापतो, म्हणून बिल नेहमी पूर्ण रकमेचंच करावं. व्यावसायिक सेवेवर 10 टक्के कापले, तर खात्यात 19,372.50 रुपये येतील. उरलेले 2,152.50 रुपये बुडालेले नसतात. ते आपल्या पॅनवर जमा होतात आणि विवरणपत्र भरताना हिशेबात धरले जातात. तिमाहीनंतर फॉर्म 26एएस उघडून ती रक्कम दिसते का, हे पाहावं. दिसली नाही, तर बिल क्रमांक देऊन अकाउंट्स विभागाला लगेच विचारावं.