जिलबीचे पीठ आणि त्याचे आंबणे

सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘कुंडलिनी’ नावाच्या पक्वान्नाची कृती आली असून ती आजच्या जिलबीशी जवळजवळ पूर्णपणे जुळते. नव्या मडक्याला आतून आंबट दही चोपडावे, दोन माप मैद्यात एक माप आंबट दही व थोडे तूप घालून ते पीठ त्या मडक्यात घोळावे आणि आंबट होईपर्यंत उन्हात ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. मडक्याला लावलेले दही हे विरजणच होय, कारण त्यातील जिवाणू पिठातील शर्करेचे आम्ल बनवतात. त्यांच्या जोडीने वाढणारे यीस्ट वायू सोडते आणि पिठात बारीक बुडबुडे धरतात.

या आम्लाचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. मैदा भिजवून फेटला की त्यातील प्रथिनांचे ‘ग्लुटेन’ नावाचे चिवट जाळे तयार होते. आंबताना ते सैल पडते, म्हणून पीठ ओढ न घेता सलग धारेने वाहते. उन्हाळ्यात हे काम साधारण दहाबारा तासांत होते, तर थंडीत पूर्ण दिवसही लागतो. कमी आंबलेल्या पिठाची जिलबी आतून भरीव व वातड होते आणि तिच्यात पाक शिरत नाही. फार आंबले तर पीठ पातळ होऊन वेढे तुपात पसरतात. अशा वेळी थोडा कोरडा मैदा मिसळून पीठ पुन्हा सरसरीत करतात. उचललेल्या पिठाची धार न तुटता पडली आणि तिची रेघ क्षणभर पिठावर दिसून मग विरली, म्हणजे पीठ जमले असे समजावे.

वळसा नीट पडावा म्हणून कढई सपाट बुडाची घेतात व तूप सुमारे एक इंच खोल ठेवतात, कारण खोलगट कढईत वेढे मध्यभागी घसरून एकमेकांना चिकटतात. छिद्राच्या भांड्यातून किंवा फडक्यातून धार सोडताना हाताचा वेग धारेच्या वेगाशी जुळावा लागतो. हात रेंगाळला तर वेढा जाड होतो, घाई झाली तर तुटतो. शेवटी धार वेढ्यांवरून आडवी नेली की ते एकत्र बांधले जातात. तूप पुरेसे तापलेले नसेल तर पीठ तळाशी बसून चपटे होते. फार तापले असेल तर बाहेरून लगेच रंग चढतो आणि आतला ओलावा तसाच राहतो. योग्य तापलेल्या तुपात बाहेरचे कवच लवकर धरते, आतल्या पाण्याची वाफ वेढ्याला पोकळ करते आणि बुडबुडे ओसरले की कवच कोरडे झाल्याचे कळते.

तळलेली जिलबी लगेच कोमट एकतारी पाकात बुडवली की आतली वाफ निवून आकसते व तिच्या जागी पाक ओढला जातो. पाक पातळ असला तर कवच मऊ पडते, फार घट्ट असला तर तो बाहेरच थिजतो. पाक बरोबर असला तरी त्यातील ओलावा काही तासांत कवचात उतरतोच; त्यामुळे कुरकुरीत जिलबी हवी असल्यास ती गरम असतानाच वाढावी लागते.