चहा किती निवला? पावलापावलाने हिशेब

कपात नुकताच ओतलेला चहा ९० अंश सेल्सिअसवर आहे आणि खोलीचे तापमान आहे ३० अंश. दहा मिनिटांनी चहा किती अंशांवर असेल?

न्यूटनचा निवण्याचा नियम हे थेट सांगत नाही. तो फक्त वेग सांगतो: चहा आणि खोली यांच्या तापमानात जितका फरक जास्त, तितका चहा भराभर निवतो. आपल्या कपापुरते धरून चालू, की निवण्याचा वेग मिनिटाला त्या फरकाच्या दहाव्या हिश्शाइतका आहे. आत्ता फरक ६० अंशांचा, म्हणजे वेग मिनिटाला ६ अंश. पण चहा जरा निवला की फरक घटतो आणि वेगही मंदावतो. तापमान कळायला वेग हवा आणि वेग कळायला तापमान! एखादी राशी आणि तिच्या बदलाचा वेग यांना असे एकत्र बांधणाऱ्या समीकरणाला अवकल समीकरण म्हणतात.

लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७६८ साली छापलेल्या ग्रंथात यावर एक साधा तोडगा दिला. वेग क्षणोक्षणी बदलतो हे खरे, पण थोडा वेळ तो बदलतच नाही असे मानायचे. तेवढ्या वेळापुरते सरळ रेषेत पुढे जायचे, तिथे पोचल्यावर नवा वेग काढायचा आणि पुन्हा तसेच एक पाऊल टाकायचे. आलेखावर पाहिले तर वक्र सोडून आपण त्याच्या स्पर्शिकेवरून चालत असतो.

पाऊल पाच मिनिटांचे घेऊ. सुरुवातीचा वेग मिनिटाला ६ अंश, म्हणून पाच मिनिटांत ३० अंश गेले आणि चहा ६० वर आला. आता खोलीशी फरक ३० अंशांचा, वेग ३ अंश. पुढच्या पाच मिनिटांत १५ अंश गेले. दहा मिनिटांनंतरचे आपले उत्तर: ४५ अंश.

हे समीकरण सोपे असल्याने त्याचे अचूक उत्तरही काढता येते. ते आहे सुमारे ५२.१ अंश. म्हणजे आपला चहा सात अंश जास्तच निवला. कारण उघड आहे. पहिली पाचही मिनिटे आपण सुरुवातीचाच, सर्वांत मोठा वेग वापरला. प्रत्यक्षात तो पहिल्या क्षणापासून उतरत होता. निवण्याचा वक्र खाली येता येता आडवा होत जातो, त्यामुळे त्याची प्रत्येक स्पर्शिका वक्राच्या खालूनच जाते. या गणितात आपली चूक नेहमी थंडाच्याच बाजूला होणार, हे उत्तर माहीत नसतानाही सांगता येते.

आता पाऊल निम्मे, म्हणजे अडीच मिनिटांचे करू. चार पावलांत तापमान ७५, ६३.७५, ५५.३ आणि शेवटी ४९ अंश असे उतरते. चूक सातावरून तीनवर आली. एकेका मिनिटाची दहा पावले टाकली तर उत्तर ५०.९ येते आणि चूक सव्वा अंशाच्या आत राहते. पाऊल निम्मे केले की चूकही साधारण निम्मी होते, पण आकडेमोड दुप्पट होते. चूक दशांश अंशाच्या आसपास आणायची तर सहा सेकंदांची शंभर पावले टाकावी लागतात.

अचूक उत्तर हाताशी नसेल, तर चूक किती हे कसे ओळखायचे? तेच गणित दोनदा करायचे, दुसऱ्या वेळी निम्म्या पावलांनी. आपली दोन उत्तरे ४५ आणि ४९, अंतर चार अंशांचे. पाऊल निम्मे केल्यावर चूक निम्मी झाली असेल, तर जितकी चूक गेली तितकीच अजून उरली आहे. म्हणून ४९ मध्ये आणखी चार मिळवायचे: ५३. अचूक उत्तरापासून हे एका अंशाहूनही कमी दूर आहे, आणि त्यासाठी सारी मिळून सहाच पावले लागली.

पाऊल फार लांब टाकले तर मात्र गणित नुसते चुकत नाही, बहकते. पंधरा मिनिटांचे एकच पाऊल टाकून पाहा. मिनिटाला ६ अंशांप्रमाणे ९० अंश गेले आणि चहा शून्यावर आला, बर्फ होण्याच्या बेतात! वीस मिनिटांच्या पावलाने तो उणे ३० वर जातो, पुढच्या पावलात पुन्हा ९० वर उसळतो आणि तसाच वर-खाली होत राहतो. पाऊल त्याहून लांब केले तर हे हेलकावे दर खेपेला वाढतच जातात. समीकरण तेच, नियमही तोच. चुकली ती फक्त पावलाची लांबी. ३० अंशांच्या खोलीत चहा ३० च्या खाली जाऊ शकत नाही. कागदावर तो तसा गेलेला दिसला, की पुढची आकडेमोड थांबवून पाऊल आखूड करायचे.